कपाट की गोधडीचा तंबू? घरी रेकॉर्ड केलेला आवाज आणि चित्रातले ओठ

फोनवर घरी आवाज रेकॉर्ड करून तो ॲनिमेशनमधल्या पात्राच्या तोंडी घालायचा, तर दोन निर्णय घ्यावे लागतात: बोलायचं कुठे आणि ओठ जुळवायचे कसे. वाटतात वेगळे, पण पहिल्यात राहिलेली कसर दुसऱ्यात भरावी लागते. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात आणि आवाज क्षणभर दबतो. खोली घुमत असेल तर आधीच्या स्वराचा घुमारा नेमका त्याच क्षणावर सांडतो. मग आवाजावरून ओठ ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथे मिटलेलं तोंड सापडत नाही आणि पात्र ‘बाबा’ म्हणतानाही तोंड उघडंच ठेवतं.

उदाहरणासाठी चिऊ-काऊचा 40 सेकंदांचा तुकडा घेऊ. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकणारं. वाक्य: ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’

बोलायचं कुठे

कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट हा सर्वांत झटपट मार्ग. दोन्ही दारं उघडायची, घडीच्या कपड्यांच्या थप्पीवर तोंडाच्या उंचीला फोन ठेवायचा आणि कपड्यांकडे तोंड करून बोलायचं. मात्र एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि तिथेच फसतात. फोनचा माइक समोरचंच ऐकतो असं नाही, तो जवळजवळ सगळीकडून ऐकतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागची कोरी भिंत आवाज परत फेकते आणि तो थेट फोनमध्ये शिरतो. म्हणून पाठीमागे दोरीवर किंवा दारावर एक जाड गोधडी टांगलीच पाहिजे. कपाट लोखंडी असेल तर उघडी दारंही चादरीने झाका, नाहीतर पत्रा बारीक वाजत राहतो.

तंबूला पंधरा मिनिटं जास्त लागतात. कपडे वाळवायचा उभा स्टँड, त्यावर दोन गोधड्या किंवा रजया, खाली गादी. गोधडी भिंतीला चिकटवू नका. भिंतीपासून चार बोटं लांब टांगली की तीच गोधडी जास्त खालचे सूर शोषते. पातळ चादरीचा तंबू मात्र दगा देतो. तो फक्त वरचे सूर खातो, खालचे तसेच ठेवतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पुरुषाच्या भारदस्त आवाजात हे लगेच ऐकू येतं, चिऊच्या बारीक आवाजात तितकं नाही. आत फोनखाली टेबल असेल तर त्यावर उशी किंवा दुहेरी टॉवेल हवाच.

निवड कशी करावी? एकच व्यक्ती, एक-दोन मिनिटांचा मजकूर असेल तर कपाट पुरतं. दोघांचे संवाद असतील किंवा अनेक दिवस थोडंथोडं रेकॉर्ड करायचं असेल तर तंबू बरा, कारण स्टँडची जागा आणि फोनचं अंतर खुणेने पुन्हा तसंच ठेवता येतं. तंबूची अडचण उकाड्याची. पंखा बंदच ठेवावा लागतो, त्यामुळे एप्रिलमध्ये दहा मिनिटांपलीकडे आत बसवत नाही आणि दमलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये कळतो.

दोन्हींची एक मर्यादा सारखीच आहे. गोधडी आतला घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी आणि गच्चीच्या पत्र्यावरचा पाऊस यांवर उपाय एकच, वेळ बदलणं.

फोनचं अंतर एक वीत ठेवा. हातभर अंतरावरून वितीवर आलात की थेट आवाज साधारण दुप्पट होतो आणि घुमारा आहे तेवढाच राहतो. म्हणजे अंतर कमी करणं हेही गोधडीइतकंच काम करतं. फोन तोंडाच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला हवा. ‘भ’, ‘फ’, ‘ख’चा श्वास माइकवर आदळला की धप्प असा आवाज येतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. आयफोनच्या Voice Memos मध्ये Audio Quality ‘Lossless’ करा. अँड्रॉइडवर WAV देणारं रेकॉर्डर ॲप घ्या आणि त्यातलं आवाज ‘सुधारणारं’ सेटिंग बंद करा, कारण ते शब्दांची टोकं कापतं. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. वाक्यांमधल्या फटी बुजवायला ती लागते.

जागा जमली का, हे ‘टप’ म्हणून तपासा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लाट मोठी करून बघा. शब्द संपल्यावर तीन फ्रेममध्ये, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंदांत, शेपूट खाली बसली तर पुढे जा. लांबली तर आणखी एक गोधडी. पार्श्वभूमीचा खरखराट कमी करणारं फिल्टर घुमारा काढत नाही, जोरात लावलं तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं.

ओठ जुळवायचे कसे

एका बाजूला रुबार्ब हे मोफत सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला कान आणि हात. रुबार्ब मुळात इंग्रजी ओळखतं. मराठीसाठी त्याला ध्वनीवरून ओळखायला सांगावं लागतं. टर्मिनलमध्ये पहिल्या ओळीने फोनमधली फाइल WAV होते, दुसरीने रुबार्ब चालतं:

```
ffmpeg -i chiu.m4a -ac 1 -ar 48000 chiu.wav
rhubarb -r phonetic -f tsv -o chiu.tsv chiu.wav
```

उत्तर वेळ आणि तोंडाचं अक्षर असं येतं. A म्हणजे मिटलेले ओठ, B किंचित उघडे आणि दात जवळ, D पूर्ण उघडं, F चंबू, X विश्रांती. वेळेला 24 ने गुणलं की फ्रेम मिळते. समजा ‘थांब’मधला A 0.47 सेकंदाला आला. 0.47 × 24 म्हणजे 11.3. आपलं चित्र दर दोन फ्रेमनी बदलतं, तेव्हा पर्याय 10 किंवा 12. जवळचा 12 असला तरी 10 घ्या. ओठ आवाजाच्या आधी मिटलेले डोळ्याला चालतात, आवाज आधी आणि ओठ मागून आले तर लगेच खटकतं.

हे पूर्ण हाताने केलं तर 40 सेकंदांत 480 चित्रजागा होतात, सवयीच्या माणसालाही दीड-दोन तास लागतात. रुबार्ब काही क्षणांत कच्चा आराखडा देतं. कपाटातलं कोरडं रेकॉर्डिंग असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासात होते. घुमणाऱ्या खोलीतलं असेल तर एकेक ओठ शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून हाताने केलेलं बरं.

दुरुस्ती करताना अक्षरांकडे बघू नका, ऐका. ‘थांब’मधला अनुस्वार ‘म्’ आहे, तिथे ओठ मिटतात. ‘अंघोळ’मधला अनुस्वार घशाकडे होतो, तिथे ओठ मिटवले तर चुकतं. त्यामुळे वाक्यात मिटणाऱ्या जागा तीनच: थांबचा ‘म्ब’, माझ्याचा ‘म’, बाळाचा ‘ब’. या तीन अचूक लावल्या आणि उरलेलं ढोबळ राहिलं तरी बोलणं पटतं. ‘ळ’ला जिभेचं H चित्र देऊ नका. जीभ मागे वळते, बाहेरून दिसत नाही, उघडं तोंडच पुरे. ‘फ’ मात्र बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. ‘फळ’ कोणी ओठ मिटवून म्हणतं, कोणी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. पहिल्याला A, दुसऱ्याला G.

शेवटची तपासणी वायरच्या इअरफोनवर करा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. ओठ पुढे गेल्यासारखे वाटतात आणि बरोबर लावलेली चित्रं माणूस उशिराच्या फ्रेमवर सरकवत बसतो.