एक पावसाळा, एक सीझन: सेव्हिंग्ज प्लॅन वापरल्यानंतर

आमची कंपनी पणजीत पाटोवर आहे. हॉटेलांचं बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर चालवतो आणि ग्राहक बहुतेक कळंगूट, बागा, काणकोण भागातले. त्यामुळे सर्व्हरवरचा भार ऑक्टोबरपासून चढतो, नाताळ ते नववर्ष या आठवड्यात शिगेला पोहोचतो आणि पाऊस लागला की निम्म्याहून खाली येतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही एक वर्षाचा, आगाऊ पैसे न भरता घेता येणारा कम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन घेतला. मधे पूर्ण सीझन गेला, आता बोलण्याइतका अनुभव आहे. ज्यांचा भार वर्षभर सारखा नसतो, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय.

रिझर्व्ह्ड इन्स्टन्समध्ये तुम्ही सवलतीच्या बदल्यात ठरावीक प्रकारच्या मशीनचा शब्द देता. सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये दर तासाला अमुक डॉलर खर्च करू, असा शब्द देता. कम्प्युट प्लॅन ईसी२ची कुठलीही फॅमिली, कुठलाही रीजन, शिवाय फारगेट आणि लॅम्डा यांना लागतो, सवलत जास्तीत जास्त ६६ टक्के. ईसी२ इन्स्टन्स सेव्हिंग्ज प्लॅन ७२ टक्क्यांपर्यंत जातो, पण एका रीजनमधल्या एकाच फॅमिलीला बांधलेला असतो. एक वर्षाच्या, आगाऊ रक्कम नसलेल्या प्लॅनवर प्रत्यक्षात यापेक्षा बरीच कमी सवलत मिळते, हे आधीच लक्षात घ्या.

खरी मेख ‘दर तासाला’ या शब्दांत आहे. आमचा हिशोब बघणाऱ्या ताईंनी खरेदीआधी विचारलं होतं, “जुलैमध्ये वापर कमी झाला, तर उरलेले पैसे डिसेंबरला वळते होतात का?” मी म्हटलं, “नाही ताई. पहाटे तीनचा तास संपला की त्या तासाचं न वापरलेलं गेलं. पुढच्या तासालासुद्धा मिळत नाही.” कळंगूटच्या हॉटेलवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही, जुलैत रिकामी गेलेली खोली डिसेंबरात विकता येत नाही.

आता आकडे. हिशोब सोपा राहावा म्हणून गोल करून देतो आणि सवलत २५ टक्के धरतो. ऑन-डिमांड, म्हणजे कुठलाही शब्द न देता लागणाऱ्या दराने आमचा खर्च सीझनमध्ये दिवसा तासाला १२ डॉलर, रात्री ८. पावसाळ्यात दिवसा ५, रात्री ४. सहा महिने सीझन, सहा महिने मंदी, दिवस-रात्र बारा-बारा तास.

कन्सोलमधली शिफारस मागच्या ७, ३० किंवा ६० दिवसांच्या वापरावरून निघते. जानेवारीत ती बघितली तर भार ८ डॉलरच्या खाली कधी गेलेलाच नसतो, म्हणून किमान त्या ८ डॉलरांना पुरेल एवढा प्लॅन, म्हणजे सवलतीच्या दराने तासाला ६ डॉलर, सहज सुचवला जातो. तिला जून माहीतच नसतो. आम्ही घेतला ३ डॉलरचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात शांत तासाच्या ४ डॉलरांना पुरणारा.

वर्षाचे ८,७६० तास धरले तर ३ डॉलरच्या प्लॅनचे २६,२८० डॉलर होतात आणि तोच वापर ऑन-डिमांडने ३५,०४० डॉलरना पडला असता. बचत ८,७६०. आता वरचे आणखी ३ डॉलर घेतले असते तर? त्यांचेही २६,२८० डॉलर द्यावे लागतात. पण तो वरचा थर सीझनमध्येच पूर्ण वापरला जातो, पावसाळ्यात दिवसा त्यातला फक्त चौथा हिस्सा आणि रात्री काहीच नाही. ऑन-डिमांड दराने त्या वापराची किंमत १९,७१० डॉलर. म्हणजे त्या थरावर ६,५७० डॉलरचा तोटा आणि एकूण बचत उरते २,१९०. शब्द दुप्पट दिला आणि बचत चौथाईवर आली.

यातून कामाचा नियम निघतो. सवलत २५ टक्के असेल तर प्रत्येक वाढीव थर वर्षातल्या ७५ टक्क्यांहून जास्त तास भरलेला असला पाहिजे, नाहीतर तो घेऊ नये. आमच्या आकड्यांत ४ ते ५ डॉलरमधला थर नेमका ७५ टक्के तास भरतो, नफा शून्य. तो आम्ही सोडला, कारण एक ग्राहक जरी गेला तरी तो तोट्यात गेला असता.

शांत तास शोधायला कॉस्ट एक्सप्लोरर पुरत नाही. तासागणिक आकडे तिथे फक्त मागच्या १४ दिवसांचे मिळतात. आम्ही वर्षभराचा कॉस्ट अँड युसेज रिपोर्ट अथीनामध्ये असा चालवला:

```sql
SELECT line_item_usage_start_date,
       SUM(pricing_public_on_demand_cost) AS od
FROM cur
WHERE line_item_product_code = 'AmazonEC2'
  AND line_item_usage_type LIKE '%BoxUsage%'
GROUP BY 1 ORDER BY 2;
```

`BoxUsage` ठेवल्याने स्पॉटचा, म्हणजे एडब्ल्यूएसकडे रिकाम्या असलेल्या आणि स्वस्तात मिळणाऱ्या मशीनचा वापर आपोआप बाहेर राहतो, आणि राहायलाच हवा, कारण स्पॉटला हा प्लॅन लागत नाही. इथे मिळणारा आकडा ऑन-डिमांड दराचा असतो. प्लॅन मात्र सवलतीच्या दराने मोजला जातो. यादीत ४ दिसले म्हणून ४ डॉलरचा प्लॅन घेतला, तर तो ५.३३ डॉलरच्या वापराएवढा होतो आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक तासाला थोडा वाया जातो.

दुसरी गोष्ट क्रमाची. मशीन `m5` वरून `m6g` वर नेल्या की त्याच आकाराचा दर साधारण २० टक्क्यांनी उतरतो. कम्प्युट प्लॅन नव्या फॅमिलीवरही लागतो, हे त्याचं मोठेपण. पण वापरच ४ वरून ३.२० वर आला, तर ४ डॉलरांना पुरणारा प्लॅन मोठा होतो. म्हापशातल्या ओळखीच्या एका टीमने आधी प्लॅन घेतला आणि मग मशीन बदलल्या. काटकसरीची अर्धी मेहनत फुकट गेली. आम्ही आधी मशीन बदलल्या, महिनाभर भार बघितला, मगच खरेदी केली.

सुटकेचा रस्ता जवळपास नाहीच. तासाला १०० डॉलर किंवा त्याहून कमीचा प्लॅन सात दिवसांत परत करता येतो, पण त्याच कॅलेंडर महिन्यात. म्हणून महिन्याच्या २९ तारखेला खरेदी करू नका. ईसी२चे स्टँडर्ड रिझर्व्ह्ड इन्स्टन्स बाजारात विकता येतात खरे, पण विकणाऱ्याचं अमेरिकन बँकेत खातं लागतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती सोय कागदावरच. तरी आरडीएससाठी आम्ही रिझर्व्ह्डच घेतले. कम्प्युट प्लॅन डेटाबेसला लागत नाही आणि आमचा पोस्टग्रेस बारा महिने चालूच असतो.

रिपोर्टिंगचं थोडं काम गूगल क्लाउडवर आहे. तिथल्या फ्लेक्सिबल कमिटेड यूझ डिस्काउंटवर वर्षाच्या कराराला २८ टक्के दिसतात. पण `n2` मशीन महिनाभर चालली की कुठल्याही कराराशिवाय २० टक्क्यांपर्यंत सस्टेन्ड यूझ सूट मिळते आणि करारातल्या वापराला ती लागत नाही. म्हणजे वर्षभर बांधून घेण्याचा मोबदला फक्त ८ टक्के. तिथे आम्ही करार केला नाही.

सीझनमध्ये आमचं कव्हरेज, म्हणजे एकूण वापरातला प्लॅनखाली आलेला हिस्सा, दिवसा ३३ टक्क्यांवर होतं आणि साहेबांना ते खटकलं. मी त्यांना युटिलायझेशन, म्हणजे प्लॅनमधला प्रत्यक्ष वापरला गेलेला हिस्सा, दाखवलं, ते वर्षभर ९९ च्या वर होतं. कव्हरेज कमी असेल तर थोडी सवलत हुकते. युटिलायझेशन घसरलं तर पैसे जातात. वरच्या भाराला ऑटोस्केलिंग आणि स्पॉट आहेच.

३ डॉलर आम्ही दीड-दीडच्या दोन तुकड्यांत, दोन महिन्यांच्या अंतराने घेतले होते. पहिल्याची मुदत संपते तेव्हा पावसाळा चालू असेल आणि त्या वेळचा सगळ्यात शांत तास बघूनच पुढचा तुकडा किती मोठा ते ठरेल. तीन वर्षांचा प्लॅन सध्या घेत नाही. सवलत मोठी आहे, पण तीन वर्षांनी आमचा शांत तास किती डॉलरचा असेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही.