सोन्याचा भाव बघायचा कुठं? ‘बेळगाव आजचा दर’वाल्या साइटी, रील, की आयबीजेए

मुलीच्या लग्नासाठी एक तोळ्याची चेन करायची होती म्हणून मी दोनेक महिने रोज भाव बघत होतो, मोबाईलवर सर्च केलं की पहिल्या चार-पाच साइटींवर बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, हुबळी असा सगळ्या गावांचा वेगवेगळा दर यायचा, आणि फेसबुकवर कुणीतरी रील टाकलेलं असायचंच की सोनं आता कोसळणार. तुम्हीपण खरेदीच्या विचारात असाल तर माझा अनुभव सांगतो, निर्णय तुमचा.

आधी गावागावाच्या तक्त्याचं बघू. एका साइटीवर कोल्हापूर बेळगावपेक्षा अडीचशे रुपयांनी स्वस्त दिसत होतं, निपाणीचे आमचे पाव्हणे तर गाडी काढून कोल्हापूरला निघालेच होते. तिकडं कर कमी असतो म्हणे. तसं काही नाही, जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, तेव्हापासून सोन्यावर कर्नाटकात पण 3 टक्के आणि महाराष्ट्रात पण 3 टक्केच, त्याच्या आधी राज्याराज्याचा व्हॅट वेगळा होता, ती समजूत अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. गावातला फरक पडतो तो तिथल्या सराफांच्या दरामुळं आणि मजुरीमुळं, आणि मजुरी तर त्या तक्त्यात नसतेच.

पण माझं मन उडालं ते एका रविवारी. सकाळी नऊला साइटीवर बघितलं तर दर एक, दुपारी एकला बघितलं तर दीडशेनं चढलेला, शेजारी हिरवा बाण आणि ‘लाइव्ह’ म्हणून लिहिलेलं. अहो रविवारी आपला सोन्याचा वायदेबाजार एमसीएक्स बंद, परदेशातला बाजार बंद, मग हा दर चढवला कुणी? पान खालपर्यंत बघितलं, दर कुठनं घेतला, जीएसटी धरून आहे की सोडून, एक ओळ नाही. मधे मात्र ‘आजच्या दराने बुक करा’ म्हणून बटण, ते दाबलं की यूपीआयनं ऍडव्हान्स मागतंय, दुकानाचा पत्ता नाही की जीएसटी नंबर नाही. सगळ्याच साइटी अशा असतील असं म्हणत नाही, काही जण प्रामाणिकपणे दर उचलून टाकत असतीलही. पण शनिवारचा आणि रविवारचा आकडा लिहून ठेवा, रविवारी दिवसभरात तो हलला तर मी तरी त्या साइटीवर परत जाणार नाही.

रीलवाल्यांची तऱ्हा वेगळी. आमच्या ग्रुपवर ‘सोनं एका दिवसात कोसळलं’ म्हणून चार्ट आला होता, तारखेची पट्टी कापलेली. नीट बघितलं तर ती 23 जुलै 2024 ची घसरण, बजेटमध्ये आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं त्या दिवसाची. जुनी आणि एकदाच झालेली गोष्ट ताजी म्हणून फिरवत होते. दुसरे एक जण डॉलरचा औंसाचा भाव घेऊन 31.1 नं भागून रुपयात करतात आणि सांगतात बघा तुमचा सराफ किती लुटतोय, त्यात आयात शुल्कही धरत नाहीत आणि जीएसटीही नाही.

मी शेवटी आयबीजेएवर आलो, म्हणजे सराफांच्या देशपातळीवरच्या असोसिएशनचा दर. ibjarates.com स्वतः टाइप करून उघडतो, फॉरवर्ड आलेल्या लिंकवरून नाही, कारण नावासारखं नाव करून साइट काढणं सोपं आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, 999, 916 असा शुद्धतेप्रमाणे दर येतो, जीएसटी आणि मजुरी सोडून. रिझर्व्ह बँकेनं गोल्ड बॉण्डची किंमत ठरवायला याच दराची सरासरी धरली होती.

हिशोब असा. समजा 999 चा दर तोळ्याला 1,00,000 आहे, तर 916 चा म्हणजे 22 कॅरेटचा होतो 91,600. त्यावर दहा टक्के मजुरी 9,160, बेरीज 1,00,760, त्यावर 3 टक्के जीएसटी साधारण 3,023, म्हणजे चेन 1,03,783 च्या आसपास. हा कागद घेऊन मी शहापुरात गेलो. सराफाचा 22 कॅरेटचा दर माझ्या आकड्यापेक्षा थोडा वर होता, मी विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं की आम्हाला माल या भावात पडतो, त्यावर आमचं थोडं. तेवढं मला पटलं, आणि मजुरीत ते एक टक्का खाली आले.

या दराची अडचण आहेच, शनिवार-रविवारी नवा दर येत नाही आणि त्या भावात दुकानात कुणी सोनं देत नाही. घाईत असाल तर ओळखीच्या सराफाला फोन करून ‘22 चा दर काय, जीएसटी धरून की सोडून’ एवढं विचारलं तरी काम होतं. मी आता शुक्रवारचा संध्याकाळचा दर वहीत लिहून ठेवतो आणि शनिवारी दुकानात जातो.