मुक्काम: रात्री मोजायच्या की दिवस?

नागपूरहून १२ डिसेंबरला चिखलदऱ्याला जाऊन १५ला परतायचं, तर बोटांवर १२, १३, १४, १५ असे चार दिवस भरतात. रजेच्या अर्जाला आणि भाड्याच्या गाडीला हाच आकडा लागतो. हॉटेलचं बिल मात्र रात्रींवर निघतं: १५ वजा १२, म्हणजे तीन. दोन्ही टोकं धरून मोजणारा चार रात्री समजून चेक-आउट १६ टाकतो आणि एका रात्रीचे पैसे नाहक जातात. बुकिंगला रात्रीच मोजा.

मोठी गफलत मध्यरात्रीच्या गाडीची. पाहुणे १३च्या पहाटे दोनला नागपूर स्टेशनवर उतरणार आणि लगेच खोली हवी, तर चेक-इन १२चं घ्यावं लागतं. उशिरा पोहोचणार हे हॉटेलला फोन करून सांगा, नाहीतर आलेच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.