पाळीच्या आधी काटा चढला: तुलना मागच्या आठवड्याशी करावी की मागच्या पाळीशी?

चरबी कमी करायला घेतलेल्या बाईला महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न पडतोच. तीन आठवडे मोजूनमापून खाल्लं आणि पाळी जवळ आली तसं वजन वाढलं, तर जेवण आणखी कापायचं की आहे तसंच चालू ठेवायचं? उत्तर अवलंबून आहे ते आजचा आकडा कुठल्या आकड्याशी ताडून बघता यावर.

एक हिशोब मांडून बघू. वजन ६८ किलो, पाळी २८ दिवसांची, रोज साधारण ३५० कॅलरींची तूट. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला तीनशेएक ग्रॅम चरबी उतरायला हवी. पाळीचा पहिला दिवस एक धरून मोजलं, तर आठव्या दिवशी काटा ६८.०, पंधराव्या दिवशी ६७.७, बाविसाव्या दिवशी ६७.९ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ६८.४ दाखवतो. दर आठवड्याचा आकडा आधीच्या आठवड्याशी ताडणारी बाई इथे म्हणणार, डाएट फसलं. पुढच्या पाळीच्या आठव्या दिवशी मात्र काटा ६६.८ वर येतो. चरबी सगळा वेळ उतरतच होती. तिच्यावर किलोभर पाणी येऊन बसलं होतं.

हे पाणी येतं कसं? स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्याच्यासोबत मीठ-पाणी सांभाळणारी संप्रेरकंही हलतात. अंग जड वाटतं, अंगठी घट्ट होते, छाती दुखते. आतड्यांची हालचाल मंदावून पोट साफ होत नाही, त्याचंही वजन काट्यावर येतं. पुष्कळ जणींना वाटतं की पाळी सुरू झाली की सूज लगेच उतरते. पण ती बहुधा पहिल्या दिवशीच सर्वांत जास्त असते आणि नंतरच्या काही दिवसांत ओसरते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. कुणाचं वजन अर्धा किलो वाढतं, कुणाचं दोन. कुणाला फरकच जाणवत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आकडा मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताडावा. सातवा, आठवा आणि नववा दिवस घ्या, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि तिन्हींची सरासरी लिहा. कमरेचं मापही त्याच दिवसांत घ्या, कारण पाळीआधी पोट फुगल्यामुळे टेपही फसवते. या पद्धतीची एक अडचण खरी आहे. निकाल कळायला महिना लागतो, आणि दोन पाळ्यांचे आकडे हातात येईपर्यंत जेवणात बदल करायचा नाही, एवढा धीर धरावा लागतो. मागच्या आठवड्याशी तुलना केली तर उत्तर लवकर मिळतं, पण पाळीआधीच्या दहाएक दिवसांत ते बहुधा चुकीचं असतं.

आता भुकेचं. स्त्रीबीज सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेन भूक जरा दाबतं. पाळीच्या आधी ती वाढते, गोड-तळलेलं खावंसं वाटतं. शरीर त्या दिवसांत थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं, पण हा फरक लहान आणि प्रत्येकीचा वेगळा, त्याच्या जोरावर जास्तीचं खाणं भरून निघत नाही. इथे दोन मार्ग आहेत. एक, रोज १६०० कॅलरी, अठ्ठावीसही दिवस. दुसरा, एकवीस दिवस १५०० आणि पाळीआधीचे सात दिवस १९००. बेरीज दोन्हींची ४४,८००. चरबी तेवढीच उतरणार.

शेवटच्या आठवड्यात हमखास तोल जाऊन फरसाणाचा डबा रिकामा होत असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा. वाढीव ४०० कॅलरींत एक ज्वारीची भाकरी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि वाटीभर दही बसतं, आणि पोट भरल्याची जाणीव खरोखर होते. भूक फारशी हलत नसेल तर पहिलाच सोपा, रोज वेगळा हिशोब नको. पाळीची तारीख पुढेमागे होत असेल तरीही पहिलाच, कारण शेवटचा आठवडा नेमका कधी सुरू झाला हेच कळत नाही.

अनियमित पाळीत, पीसीओएस असताना, ‘त्याच दिवसाशी’ तुलनाही नीट जमत नाही. मग रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढावी आणि सहा ते आठ आठवड्यांचा कल बघावा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा नैसर्गिक चढउतार तसाच दिसेल असं नाही. तिथेही हीच सरासरी उपयोगी पडते. तांबीमध्ये मात्र संप्रेरकं नसतात, त्यामुळे वरचा सगळा हिशोब लागू होतो.

दोन पाळ्यांचे आठव्या दिवसाचे आकडे तेच राहिले, कमरेचं मापही हललं नाही, तर तूट खरंच नाही असं धरून रोजच्या जेवणातून दीडशे-दोनशे कॅलरी कमी कराव्यात. आणि डाएट सुरू केल्यावर पाळीच लांबायला लागली किंवा आली नाही, तर आधी गरोदरपणाची शंका फेडून घ्यावी. ती नसेल तर कापलेलं जेवण परत वाढवावं, आणि तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं, काट्यावरचा आकडा कितीही छान दिसत असला तरी.