पोर्टफोलिओत बारा कामं तारखेप्रमाणे की निवडक चार?

इंटर्नशिपसाठी डिझाइन स्टुडिओला पोर्टफोलिओची पीडीएफ पाठवायची तर एक पद्धत म्हणजे पहिल्या वर्षापासूनची दहा-बारा कामं तारखेप्रमाणे लावायची, आणि दुसरी म्हणजे फक्त चार निवडून सगळ्यात दमदार पहिलं आणि त्याच्या खालोखालचं शेवटी ठेवायचं. पहिलीत मेहनत दिसते हे खरं, पण उघडल्या उघडल्या समोर येतं ते सगळ्यात कच्चं काम, आणि बघणारा तिथेच थांबला तर चांगलं काम मागच्या पानांवर तसंच पडून राहतं. मी दुसरीच घेईन.

समजा पॅकेजिंगचं काम आहे, तर आधी तयार खोक्याचा मोठा फोटो आणि दोन ओळीत अडचण काय होती ते, मग पेन्सिलची स्केचेस, एक फसलेला नमुना (झाकण उघडताना नाव मधूनच फाटत होतं, म्हणून ते बाजूच्या भागावर घेतलं) आणि शेवटी डायलाइन, म्हणजे खोकं कुठे कापायचं आणि कुठे दुमडायचं त्याचा सपाट आराखडा, एवढ्यात तुम्ही विचार कसा करता ते कळतं. बारा कामांत प्रत्येकाला एकच पान मिळतं, तिथे हा फसलेला नमुना सगळ्यात आधी कापला जातो!

ग्रुपमधलं काम असेल तर आपला वाटा कुठला ते त्याच पानावर लिहा.

तारखेच्या क्रमात प्रगती दिसते, पण ती परीक्षकाला हवी असते, स्टुडिओला आत्ता काय जमतं ते बघायचं असतं.