कॅश क्रेडिट खात्याचा दीड वर्षाचा अनुभव: उशिरा जमा झालेला एक चेक आणि त्याची भरपाई

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे आणि गेले दीड वर्ष त्याचा सर्व व्यवहार मी एका बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून करतो. हे एक कर्जखातेच: ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे आणि उचललेल्या रकमेवरच व्याज भरायचे. मर्यादा आठ लाखांची आहे आणि व्याज 11 टक्के. खात्याचे ऑनलाइन कामकाज चांगले चालते, नूतनीकरण वेळेवर झाले आणि शाखेतील माणसे बोलायला सौजन्यशील आहेत. या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. ज्या एका बाबीमुळे हा अनुभव लिहीत आहे ती म्हणजे चेकचा भरणा, कारण आमच्या धंद्यात अजूनही निम्मी वसुली चेकनेच येते आणि कर्जखात्यात चेक उशिरा जमा झाला की नुकसान दोन बाजूंनी होते.

बुधवार, 2 जुलै 2025 रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा 3,65,000 रुपयांचा चेक शाखेच्या काउंटरवर भरला आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर तारखेचा शिक्का घेतला. त्या वेळच्या पद्धतीने, सकाळी भरलेल्या चेकची प्रतिमा त्याच दिवशी क्लिअरिंगला जायची आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात यायचे. म्हणजे 3 जुलैला रक्कम दिसायला हवी होती. ती दिसली 11 जुलैला. मधल्या काळात, 5 जुलैला, दुसऱ्या वित्तसंस्थेकडून घेतलेल्या डाय-कटिंग यंत्राच्या कर्जाचा 41,300 रुपयांचा हप्ता याच खात्यातून वळता व्हायचा होता. त्या दिवशी मर्यादेतील उचल 7,78,000 रुपये होती, म्हणजे शिल्लक फक्त 22,000. हप्ता परत गेला. माझ्या बँकेने परतीचा आकार म्हणून 590 रुपये कापले, वित्तसंस्थेने आपल्या बाजूने आणखी 590 लावले आणि हप्ता मी 8 जुलैला चुलतभावाकडून हातउसने घेऊन भरला.

शाखेत विचारले तेव्हा पहिले उत्तर मिळाले की पैसे देणाऱ्या बँकेकडून उशीर झाला असेल. दोन दिवसांनी सांगितले गेले की चेक देणाऱ्याने पॉझिटिव्ह पे पद्धतीने आगाऊ माहिती दिली नसेल. दुसरे कारण तर मुळातच टिकत नाही, कारण त्या तपासणीत चेक अडला असता तर तो कारणासह परत आला असता आणि मला परतीचा मेमो मिळाला असता. आठ दिवस गप्प राहून नंतर तो वटला नसता. पहिले कारण मात्र तपासता येण्यासारखे होते, आणि इथेच मला या साऱ्या प्रकरणातील सर्वात उपयोगाची गोष्ट कळली.

मी पुण्याच्या व्यापाऱ्याला त्याच्या खातेउताऱ्यातील त्या चेकची नोंद पाठवायला सांगितले. त्याच्या खात्यातून पैसे 10 जुलैला वजा झाले होते आणि माझ्या खात्यात 11 जुलैला आले. समोरच्या बँकेने चेक मिळाल्यावर काहीच रोखून धरले नव्हते. चेकची प्रतिमा तिच्याकडे पोहोचलीच उशिरा. कागदी चेक हल्ली जमा करणाऱ्या बँकेकडेच राहतो आणि पुढे फक्त त्याची प्रतिमा व आकडे जातात, त्यामुळे 2 ते 10 जुलै या काळात तो चेक माझ्याच बँकेच्या ताब्यात, स्कॅन न होता किंवा पाठवला न जाता पडून होता असा सरळ अर्थ निघतो. शिक्क्याची स्लिप आणि समोरच्याच्या खात्यातील वजावटीची तारीख ही दोन कागदपत्रे हातात असली की उशीर कोणाकडे झाला याबद्दल वाद उरत नाही. माझ्याकडे स्लिप नसती आणि चेक मी पेटीत टाकला असता तर 2 जुलै ही तारीखच सिद्ध करता आली नसती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार काउंटरवर चेक दिल्यास शाखेने पोच नाकारता कामा नये, आणि पेटीजवळ तशी सूचना स्थानिक भाषेतही लावलेली असायला हवी. आमच्या शाखेत ती लावलेली होती, पण लोखंडी कपाटाच्या आड.

14 जुलैला मी शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. अर्ज एकाच पानाचा होता. भरण्याची तारीख, रक्कम जमा व्हायला हवी होती ती तारीख, प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख, व्यापाऱ्याच्या खात्यातील वजावट, हप्ता परत गेल्याची नोंद आणि दोन्ही आकारांच्या नोंदी एवढेच त्यात होते. मनस्तापाबद्दल एक वाक्यही लिहिले नाही, कारण पहिल्या पातळीवर जो माणूस हा अर्ज वाचतो त्याच्या हातात फक्त हिशोब तपासण्याचा अधिकार असतो. पहिली मागणी अशी होती की 3,65,000 रुपयांची जमा 3 जुलैच्या मूल्य-दिनांकाने करून द्यावी. कॅश क्रेडिटवर रोजच्या शिलकीवर व्याज लागत असल्याने जमेची तारीख मागे नेली की जादा लागलेले व्याज आपोआप निघून जाते आणि वेगळा हिशोब लागत नाही. हे शाखेच्या पातळीवर होणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. म्हणून दुसरी मागणी आकड्यांत मांडली: 11 टक्क्यांनी दिवसाला 110 रुपये, आठ दिवसांचे 880 रुपये, आणि दोन आकारांचे मिळून 1,180, एकूण 2,060 रुपये.

25 जुलैला उत्तर आले आणि खात्यात 200 रुपये जमा झाले. बँकेने बचत खात्याचा 2.5 टक्के दर धरून दिवसाला 25 रुपये या हिशोबाने आठ दिवसांची भरपाई दिली होती आणि हप्त्याच्या आकारांविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. हा दर कुठून आला हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण अनेक खातेदार इथेच थांबतात. बँकेच्या धोरणात काहीच ठरवलेले नसेल तर स्थानिक चेकच्या उशिरासाठी बचत खात्याच्या दराने भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा किमान नियम आहे, आणि शाखेने तोच लावला. पण प्रत्येक बँकेला चेक वसुलीचे आणि भरपाईचे स्वतःचे धोरण प्रसिद्ध करावे लागते. आमच्या बँकेचे धोरण तिच्या संकेतस्थळावर होते आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की चेकची रक्कम ओव्हरड्राफ्ट किंवा कर्जखात्यात जमा व्हायची असेल तर भरपाई त्या कर्जखात्याला लागू असलेल्या व्याजदराने दिली जाईल. ही भरपाई ग्राहकाने मागितली नाही तरी द्यायची आहे, असेही त्याच धोरणात होते. बचत खात्यात पैसे उशिरा आले तर माणसाचे अडीच टक्के जातात. कर्जखात्यात उशिरा आले तर तो त्या दिवसांचे अकरा टक्के भरत असतो. हा फरक धोरण लिहिणाऱ्यांना समजलेला होता, फक्त तो शाखेपर्यंत पोहोचला नव्हता.

28 जुलैला मी धोरणाच्या त्या पानाची प्रत जोडून बँकेच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांना पत्र पाठवले आणि उरलेले 1,860 रुपये मागितले. त्यावर तक्रार क्रमांक आला, पुढे काही नाही. पहिल्या अर्जाला तीस दिवस उलटून गेले होते आणि मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते, म्हणून गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, 28 ऑगस्टला, मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक आहे. ती तारीख आणि तिची पोच पोर्टल विचारते. शिवाय हेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर ते तिथे घेतले जात नाही, हे लक्षात घेऊनच कुठे जायचे ते आधी ठरवावे.

सप्टेंबरच्या मध्यावर बँकेच्या मुख्य कार्यालयातून दूरध्वनी आला. बोलणारे गृहस्थ शांतपणे ऐकून घेणारे होते. व्याजाचा फरक त्यांनी लगेच मान्य केला, बँकेने स्वतः कापलेले 590 रुपयेही मान्य केले, पण वित्तसंस्थेचा आकार हा दुसऱ्या संस्थेचा व्यवहार आहे असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना 5 जुलैचा उतारा पुन्हा पाहायला सांगितला. त्या दिवशी चेक जमा असता तर खात्यात 3,87,000 रुपये उचलता आले असते आणि 41,300 चा हप्ता परत जाण्याचे दुसरे कोणतेही कारण उताऱ्यात नव्हते. उशीर आणि तो आकार यांच्यामध्ये तिसरी घटना नाही, एवढाच माझा मुद्दा होता. 10 ऑक्टोबरला 680, 590 आणि 590 अशा तीन स्वतंत्र नोंदींनी रक्कम जमा झाली आणि मी पोर्टलवर समाधान झाल्याचे कळवले. चेक नेमका कुठे पडून होता हे मात्र मला कोणीही लेखी सांगितले नाही, आणि पैशांपेक्षा ते न सांगणे मला अधिक खटकते, कारण त्या दिवशी त्या गठ्ठ्यात इतरांचेही चेक असणार.

खाते मी बंद केलेले नाही. 4 ऑक्टोबर 2025 पासून दिवसभर चालणारी क्लिअरिंगची नवी पद्धत सुरू झाल्यावर सकाळी काउंटरवर दिलेले माझे बहुतेक चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत जमा झाले आहेत. तरीही बँकेच्या हातातून प्रतिमा बाहेरच पडली नाही तर ही नवी पद्धतही काही करू शकत नाही, म्हणून मी पेटी पूर्ण सोडली आहे. आता शिक्का घेतलेल्या स्लिपचा आणि चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा बघतो आणि रक्कम नसेल तर त्याच दिवशी शाखेला ईमेल करतो. डिसेंबरमध्ये एक 84,000 रुपयांचा चेक असाच एक दिवस रेंगाळला होता. ईमेल दहा वाजता गेला आणि दुपारी रक्कम जमा झाली. महिनाअखेरीच्या उताऱ्यात 25 रुपयांची भरपाई मी न मागता आलेली होती, आणि या वेळी ती 11 टक्क्यांनी मोजलेली होती.