हातानं काढलेल्या नकाशावरनं खोलीवार मापांची टाईप यादी : सात महिने वापरून

आधी सांगतो मी कोण, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. बेळगावात फरशी आणि रंगाची कामं घेतो, शहापूर-वडगावची जुनी घरं, खानापूरकडची गावातली घरं असं जास्त करून. माप घ्यायला आमचे मिस्त्रीमामा जातात, सोबत एक पोरगा टेप धरायला. मामा कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं घर काढतात, भिंतीभिंतीवर माप लिहितात आणि संध्याकाळी तो कागद माझ्या टेबलावर येतो. त्यावरनं खोलीवार टाईप यादी करायची, ती घरमालकाला, फरशीच्या दुकानाला आणि परत मामांनाच जाते. हे काम आधी मी वहीत करायचो, सात महिन्यांपासून स्प्रेडशीटवर करतोय, २३ घरं झाली. काय जमलं काय नाही ते लिहितो.

पहिला दीड महिना फोनमधल्या एका ॲपच्या नादाला लागलो, फोटो काढला की त्यातला मजकूर उचलून देतं ते. छापील बिलाला चांगलं असेल, नकाशाला नाही चालत. कारण नकाशात आकडा महत्त्वाचा नसतो, आकडा कुठल्या भिंतीला चिकटलाय ते महत्त्वाचं असतं. ते बिचारं डावीकडनं उजवीकडं ओळीनं वाचत जातं, म्हणजे सोप्याची रुंदी, मधल्या भिंतीची जाडी आणि माजघराची रुंदी एका ओळीत येऊन पडतात आणि आता तुम्ही बसा कोणाचं काय ते शोधत. उभ्या भिंतीवर लिहिलेले आकडे तर निम्मे गायबच. तरी मी म्हणत होतो टायपिंग तरी वाचेल, पण दुरुस्त करण्यात त्याच्यापेक्षा जास्त वेळ जायला लागला तेव्हा सोडलं. आता भाचा कागद वाचतो, मी टाईप करतो, शेवटी मी स्क्रीनवरनं वाचतो आणि तो कागदावर टिक मारतो. दोन माणसं लागतात हा तोटा आहेच.

शीटमध्ये मी सुरवातीला जी चूक केली ती सगळेच करतात. माप एकाच रकान्यात टाकायचो. मामा दहा फूट सहा इंच हे १०-६ असं लिहितात, कधी १०.६ असं. शीटमध्ये 10-6 टाकलं की ती त्याची तारीख करून टाकते. मग मी टिंब द्यायला लागलो, आणि तिथं खरा घोळ झाला. 9.10 म्हणजे नऊ फूट दहा इंच, टाईप केलं की शेवटचं शून्य उडतं आणि उरतं 9.1, म्हणजे वाचणारा नऊ फूट एक इंच वाचणार, नऊ इंच गेले! आणि 10.6 ला शीट साडेदहा फूट समजत नाही, दहा पूर्णांक सहा दशांश समजते, म्हणजे दहा फूट सात इंचापेक्षा जरा जास्तच. एका घराच्या पॅसेजची फरशी ह्याच टिंबापायी कमी आली होती, दुकानात परत जावं लागलं, तोपर्यंत तो लॉट संपलेला. रंगात फरक दिसतोच हो कितीही नाही म्हटलं तरी.

आता फूट, इंच आणि सूत तीन वेगळे रकाने. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडं मिस्त्री लोक अजून सुतातच बोलतात, आणि साडेचार इंच म्हटलं की चार इंच चार सूत असंच टाकायचं, अर्ध्याचं चिन्ह टाकायच्या फंदात पडायचं नाही. पुढच्या रकान्यात सगळ्याचे इंच होतात, आणि कोणाला दाखवायचं असेल तर परत फूट-इंच.

```
=D2*12+E2+F2/8
=INT(G2/12)&"-"&MOD(G2,12)
```

बास, एवढीच दोन सूत्रं. क्षेत्रफळ पाहिजे असेल तर दोन इंचांचा गुणाकार करून १४४ नं भागायचं.

दुसरी गोष्ट, लांबी-रुंदी हे शब्दच यादीतनं काढून टाकले. लांबी कुठली आणि रुंदी कुठली ह्यावर मामा, मी आणि मालक तिघांची तीन मतं असायची. त्याऐवजी प्रत्येक खोलीला चार ओळी, पूर्वेची भिंत, दक्षिणेची, पश्चिमेची, उत्तरेची. वास्तूमुळं म्हणा कशामुळं म्हणा, आपल्याकडं दिशा लहान पोरालासुद्धा माहीत असतात. जुन्या घरात समोरासमोरच्या भिंती सारख्या नसतातच, दोन-तीन इंचाचा फरक तर धरूनच चालायचं, आणि लांबी गुणिले रुंदी लिहिलं की तो फरक यादीतनं पुसला जातो. एल आकाराची खोली असेल तर तिला 5A आणि 5B असं तोडायचं, दोन चौकोन.

खोल्यांना नंबर मुख्य दारापासनं आत आल्यावर डाव्या हातानं फिरत द्यायचे आणि ते कागदावर लाल पेननं आधी घालायचे, मग टाईप. नावावर भरवसा ठेवायचा नाही. एकाच कागदावर सोपा, पडसाले आणि हॉल हे तिन्ही बघितलेत आणि तिन्ही एकाच खोलीसाठी! घरमालक कन्नड बोलणारे असले की मामा त्यांनी सांगितलेलंच नाव लिहितात, नडुमने म्हणजे माजघर, अडुगेमने म्हणजे स्वयंपाकघर. म्हणून नाव यादीत येतं पण ओळख नंबरानं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. यादी टाईप झाली, टिकही मारून झालं, तरी ती बरोबर आहे हे कशावरनं? एका रांगेतल्या सगळ्या खोल्यांच्या आतल्या मापांची आणि मधल्या-बाहेरच्या सगळ्या भिंतींच्या जाडीची बेरीज करायची, ती बाहेरनं घेतलेल्या मापाशी जुळली पाहिजे. खानापूरकडचं एक घर सांगतो. पूर्वेला तोंड, पुढनं मागं एका रांगेत सोपा, माजघर, स्वयंपाकघर. बाहेरनं मामांनी लिहिलेलं ३७ फूट ४ इंच. माझ्या यादीत सोपा ९ फूट ३, माजघर १२ फूट ८, स्वयंपाकघर १० फूट ६. भिंती चार, त्यातल्या तीन जुन्या दीड-दीड फुटी, एक नंतर घातलेली विटांची नऊ इंची. बेरीज आली ३७ फूट ८ इंच. चार इंच जास्त.

पहिल्यांदा वाटलं गिलावा. नऊ इंची भिंत नऊ इंच कधीच नसते, दोन्हीकडनं गिलावा धरला की दहाच्या आसपास जाते, आणि मामा सवयीनं नऊच लिहितात. पण गिलावा धरला तर बेरीज अजून एक इंचानं वाढणार, कमी होणार नाही, म्हणजे तो धागा चुकीचा. मग फरकाच्या आकड्याकडंच बघितलं. चार. चारनं चुकायचं म्हणजे चारच्या जागी आठ वाचलं असणार. कागद खिडकीपाशी धरला तर माजघराच्या उत्तर भिंतीचा आकडा पोरानं लिहिलेला, मामांनी नाही. मामा इंग्रजी आकडे लिहितात, पोरगा मराठी शाळेतला. त्यानं १२-४ लिहिलेलं, ४ च्या वरची दोन टोकं घाईत चिकटली आणि भाच्यानं ते 12-8 असं वाचलं. दक्षिण भिंतीचं माप घेतलेलंच नव्हतं, नाहीतर तिथंच कळलं असतं. मामांना फोन लावला तर म्हणाले, "बारा चार ओ, बारा आठ कुठनं आणलासा?" आणि वर, "लिव्हलंय की सगळं, वाचायचं तेवढं तर काम तुमचं." बरोबर आहे म्हणा.

माजघराची दुसरी बाजू ११ फूट २ इंच होती. १२-८ नं धरलं तर साधारण १४१.४ चौरस फूट, १२-४ नं १३७.७. म्हणजे पावणेचार चौरस फूट, दोन बाय दोनची एक फरशी. फार नाही, जास्तच आली असती. पण तीच यादी स्वयंपाकघराचा ओटा करणाऱ्याकडं जाते आणि ओट्याच्या दगडाला चार इंच म्हणजे दगड वाया.

त्या दिवसापासून कागदावर एकच आकडे, मराठी नाहीतर इंग्रजी, कोणतेही पण एकच. आणि प्रत्येक मापाच्या खाली रेघ. रेघ कशाला तर मामा भिंतीप्रमाणं कागद फिरवून लिहितात, आणि 11-6 उलटं धरलं की सरळ 9-11 दिसतं, दोन्ही खोलीला शोभणारी मापं, शंकासुद्धा येत नाही. खाली रेघ असली की कागद कुठनं धरायचा ते कळतं.

ही बेरीज सगळं पकडते असं नाही बरं का. एका खोलीत दोन इंच जास्त आणि शेजारच्या खोलीत दोन कमी, तर जुळून जातं. आणि एक लबाडी मला चौथ्या महिन्यात कळली. तीन-चार घरं लागोपाठ इंचाला इंच जुळायला लागली, मी खूश, पण जुन्या घरात असं होत नाही, अर्धा-एक इंच इकडंतिकडं व्हायलाच पाहिजे. विचारलं तेव्हा कळलं की मागं परड्यात काटेरी झुडपं म्हणून मामा बाहेरनं टेप लावतच नव्हते, आतल्या मापांची बेरीज करून बाहेरचं माप लिहित होते. म्हणजे मी त्यांची बेरीज माझ्या बेरजेशी ताडून बघत होतो. आता बाहेरचं माप टेपनं घेतलं असेल तर शेजारी ट असं लिहायचं ठरलंय, ट नसेल तर ते माप तपासणीला घेत नाही.

काटकोन मात्र ह्या यादीतनं कळत नाही. चारी भिंती बरोबर असून खोली तिरकी असू शकते. कर्ण घेतला तरच समजतं, म्हणून पाचवी ओळ कर्णाची ठेवलीय, पण मामा दहातल्या तीन खोल्यांचाच आणतात, सामान असतं हो खोलीत, टेप कोपऱ्यातनं कोपऱ्यात जात नाही. कर्ण नसेल तर कडेच्या फरश्या कापाव्या लागतील असं मालकाला आधीच सांगून ठेवतो.

वेळेचं म्हणाल तर पाच खोल्यांच्या घराला टिक मारण्यासकट पाऊण तास जातो, वहीत अर्ध्या तासात व्हायचं. तरी वहीकडं परत जाणार नाही, कारण वहीत चूक झाली की सापडायचीच नाही, फरशी लावताना सापडायची. उंचीचं काही अजून बसलेलं नाही, कौलारू घरात भिंतीपाशी एक उंची आणि आढ्याखाली दुसरी, एका रकान्यात काय टाकायचं? सध्या दोन्ही टाकतो आणि रंगाचा हिशोब वेगळ्या कागदावर हातानंच करतो.